रात्रीची दारू सकाळी सहाला किती उरते?

नागपुरात लग्नसराई सुरू झाली की काटोल रोड, कोराडी रोड, वर्धा रोडवरची लॉन रात्री उशिरापर्यंत उजळलेली असतात. रिसेप्शन आटोपतं, वडीलधारी मंडळी जेवून घरी जातात आणि मित्रांची, साळ्या-भाऊजींची बैठक वेगळी बसते. अलीकडे एक गोष्ट मात्र चांगली झाली आहे. पिऊन गाडी चालवायची नाही, हे निदान रात्रीपुरतं पुष्कळांना पटलं आहे. कोणी कॅब बोलावतो, कोणी न पिणाऱ्या भाच्याच्या हाती चावी देतो, कोणी तिथेच खोलीवर झोपतो.

घोळ होतो तो सकाळी. पाच-साडेपाचला अलार्म वाजतो. कोणाला बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिली पाळी गाठायची असते, कोणाला स्टेशनवर पाहुण्यांना सोडायचं असतं, कोणाला समृद्धीने निघायचं असतं. रात्री ज्याने शहाणपणाने चावी दुसऱ्याला दिली, तोच माणूस सकाळी तोंड धुऊन, चहा घेऊन, बिनधास्त स्टिअरिंगवर बसतो. झोप झाली म्हणजे दारू उतरली, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. लग्नाचं सोडा, पोळ्याची कर, धुळवड, ३१ डिसेंबर, सगळ्यांच्या दुसऱ्या दिवशी हेच चालतं. या लेखात फक्त त्या सकाळचा हिशेब करायचा आहे: सहा वाजता अंगात दारू उरलेली असते का, किती असते, आणि ती संपली हे ओळखायचं कसं.

हिशेबासाठी एक माणूस घेऊ. हे आहेत नवरदेवाचे मामा. वजन ७० किलो, तब्येत ठणठणीत, रोज पिणारे नाहीत. रात्री साडेआठला त्यांनी स्ट्राँग बिअरची मोठी बाटली घेतली. मग जेवणाच्या आधी आणि नंतर मिळून व्हिस्कीचे तीन लार्ज झाले. शेवटचा घोट साडेबाराला. दीडला झोपले, साडेपाचला उठले, आणि सहा वाजता त्यांना अमरावतीला निघायचं आहे, दीडशे किलोमीटर.

मामींनी विचारलं, "अहो, झोप झाली का तुमची?"

"झाली ना! एकदम फ्रेश आहे. आणि घेतलं होतं तरी किती? एक बिअर अन् तीन पेग."

हे "एक बिअर अन् तीन पेग" ऐकायला चार वाटतात. यकृताला ते चार वाटत नाहीत, कारण यकृत पेले मोजत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते शुद्ध अल्कोहोल, आणि ते ग्रॅममध्ये मोजावं लागतं. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. याचा अर्थ ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १३ मिली अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून त्याचं वजन भरतं साधारण १० ग्रॅम. लार्ज म्हणजे २० ग्रॅम. आता बिअर बघा. ६५० मिलीच्या बाटलीवर ८ टक्के लिहिलं असेल तर आत ५२ मिली अल्कोहोल आहे, म्हणजे ४१ ग्रॅम. थोडक्यात, स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे दोन लार्ज. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा टक्का एकदा बारकाईने वाचावा. ५ टक्केवाली असेल तर तीच बाटली अडीच स्मॉलइतकी भरते.

मामांचा एकूण आकडा म्हणून १०२ ग्रॅम होतो, म्हणजे दहा स्मॉल पेग. आणि हे तेव्हा, जेव्हा ओतणाऱ्याने माप धरलं. घरच्या बैठकीत माप कोणी धरत नाही, पेला बघून अंदाजाने ओततात आणि नेहमी जास्तच ओततात. अशा वेळी पेग आठवत बसण्यापेक्षा बाटलीवरून हिशेब करणं बरं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा स्मॉल. ७५० मिलीचा खंबा तिघांत संपला तर प्रत्येकाच्या वाट्याला २५० मिली, म्हणजे आठ स्मॉलपेक्षा थोडं जास्त. रिकाम्या बाटल्या आणि माणसं मोजता येतात, पेग कोणाला आठवत नाहीत.

पोटात गेलेलं अल्कोहोल रक्तात मिसळतं आणि शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे पसरतं. चरबीत ते फारसं जात नाही. म्हणून ७० किलोच्या पुरुषात अल्कोहोलला पसरायला जागा मिळते ती साधारण ४७-४८ किलोंइतकी. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात या हिशेबाचं सूत्र मांडलं. पुरुषांसाठी वजनाला ०.६८ ने गुणायचं, स्त्रियांसाठी ०.५५ ने, आणि त्या आकड्याने अल्कोहोलच्या ग्रॅमना भागायचं. मामांचं गणित असं:

१०२ ÷ (७० × ०.६८) = २.१४

म्हणजे दर किलोमागे २.१४ ग्रॅम. आपल्याकडे कायद्याची भाषा १०० मिली रक्तात किती मिलिग्रॅम अशी असते. त्या भाषेत हा आकडा ढोबळपणे २१४ होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने घातलेली मर्यादा आहे ३०. अर्थात, मामांच्या रक्तात एकाच क्षणी २१४ कधीच नसतात, कारण पहिला घोट पोटात गेल्यापासून यकृत कामाला लागलेलं असतं. खरा प्रश्न आहे ते किती वेगाने काम करतं हा.

शरीर बहुतेक औषधं अशी काढतं की रक्तात जास्त असेल तर जास्त वेगाने निघतं आणि कमी असेल तर सावकाश. अल्कोहोलचं तसं नाही. ते तोडणारं यकृतातलं विकर, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, अगदी थोड्या अल्कोहोलनेच पुरतं गुंतून जातं. त्यानंतर कितीही ओता, तासाला ठरलेल्या मापानेच ते काम करतं. टोलनाक्यावर एकच लेन उघडी असावी तसं हे आहे: मागे दहा गाड्या असोत की दोनशे, तासाला सुटायच्या तेवढ्याच सुटतात, आणि रांगेतल्यांनी हॉर्न वाजवून लेन वाढत नाही.

हा वेग सरासरीने १०० मिली रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम धरतात. ७० किलोच्या माणसात तो तासाला ७ ग्रॅम अल्कोहोल इतका पडतो. एका स्मॉल पेगला म्हणजे जवळपास दीड तास, लार्जला तीन तास, स्ट्राँग बिअरच्या बाटलीला सहा तास. हे तीन आकडे लक्षात राहिले तरी पुष्कळ झालं.

आता मामांची रात्र घड्याळावर मांडू. साडेआठ ते सकाळी सहा म्हणजे साडेनऊ तास. साडेनऊ गुणिले १५ म्हणजे १४२ उतरले. २१४ मधून १४२ गेले, उरले सुमारे ७२. कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि मामा गाडीत बसून सीटबेल्ट लावत आहेत. ते ३० च्या खाली येतील पावणेनऊच्या सुमारास, आणि शून्यावर येतील पावणेअकराला. अमरावतीला पोचून, नाश्ता करून, पाहुण्यांत गप्पा मारत बसल्यावर.

हे गणित अगदी तंतोतंत आहे असं मात्र कोणी समजू नये. ते अंदाजाचं आहे, आणि अंदाज कुठे चुकतो तेही बघायला हवं. भरपेट जेवणाबरोबर प्यायलं तर थोडं अल्कोहोल रक्तात पोचण्याआधीच संपतं, आणि बाकीचं सावकाश शोषलं जातं. त्यापायी मामांचा आकडा १५ टक्के कमी धरला, तरी सकाळी सहाला ४० उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. दुसरं, तासाला १५ ही सरासरी आहे. निरोगी माणसांत हा वेग १० पासून २० पर्यंत असू शकतो, रोज पिणाऱ्यांत त्याहून जास्तही. मामांचा वेग २० असेल तर सहाला त्यांच्यात २४ उरतील आणि सव्वासातपर्यंत ते मोकळे होतील. वेग १० असेल तर सहाला ११९ असतील आणि शून्य व्हायला संध्याकाळचे सहा वाजतील! एकाच टेबलावर बसून एकाच बाटलीतून प्यायलेल्या दोघांत एवढा फरक पडू शकतो, आणि आपला वेग कोणता हे चेहरा बघून कळत नाही.

म्हणून रोजच्या वापरासाठी मी एक सोपा आणि थोडा कडक नियम सांगतो. रात्री जे प्यायलं त्याचे स्मॉल पेग करा, दर स्मॉलला दीड तास धरा, आणि हे तास शेवटच्या घोटापासून मोजा. पहिल्या घोटापासून मोजले तर मामांचे पंधरा तास सकाळी साडेअकराला संपतात. शेवटच्या घोटापासून मोजले तर दुपारी साडेतीनला. मधले हे चार तास वाया गेले असं वाटेल, पण सावकाश चालणारं यकृत, हाताने ओतलेले मोठे पेग, रात्री विसरलेला एखादा पेला, हे सगळं त्या चार तासांत सामावतं. अंगाने बारीक असाल किंवा स्त्री असाल तर पसरायला जागा कमी मिळते, त्यामुळे दर स्मॉलला दोन तास धरावे. विमान वाहतुकीत भारतातल्या वैमानिकांना ड्यूटीआधी किमान बारा तास दारू वर्ज्य असते, आणि श्वासचाचणीत शून्यच यावं लागतं. मामांनी घेतली तेवढी दारू असेल तर ते बारा तासही काहींना पुरायचे नाहीत, म्हणूनच तिथे तासांबरोबर चाचणीही घेतात.

गावठी, मोहाची किंवा हातभट्टीची असेल तर हा हिशेब मांडताच येत नाही. तिच्यात किती टक्के आहे हे काढणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. तिथे पूर्ण दिवस गाडीला हात लावू नये, एवढंच सांगता येतं.

आता मामांच्या त्या "एकदम फ्रेश"कडे येऊ, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. मामा खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच फ्रेश वाटतंय. एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिलं होतं की रक्तातलं अल्कोहोल चढत असताना प्राणी जितका झिंगतो, तितका तेच प्रमाण उतरणीवर असताना झिंगत नाही. माणसातही हेच दिसतं. रात्री नऊ वाजता चढत जाणाऱ्या ७० ला मामांना डोकं हलकं झाल्याचं, जीभ सैल झाल्याचं जाणवत होतं. त्यानंतर ते १५० च्या घरात जाऊन आले. आता सकाळी त्याच ७० वर मेंदू तुलना करतो ती रात्रीच्या १५० शी, आणि म्हणतो, सगळं ठीक आहे. स्वतःची स्थिती जोखायची क्षमता अल्कोहोल आधी घालवतं, त्यामुळे जोखणाराच बिघडलेला असतो. लक्ष दोन ठिकाणी वाटणं, समोरून येणाऱ्या गाडीचं अंतर ओळखणं, अचानक ब्रेक दाबणं, ही कामं मात्र उतरणीवरही कच्चीच राहतात.

एका पायावर उभं राहून बघणं, रेषेवर चालून बघणं, बोट नाकाला लावणं, या घरगुती परीक्षा म्हणून कामाच्या नाहीत. पिण्याची सवय असलेला माणूस ७० वर या सगळ्यांत सहज पास होतो. तोंडाला वास येत नाही हाही पुरावा नाही. खर्रा, वेलची, लवंग, पुदिन्याची गोळी तोंडातला वास झाकतात. फुफ्फुसातून येणारं अल्कोहोल त्यांच्यामुळे कमी होत नाही, आणि पोलिसांचं यंत्र मोजतं ते तेच.

मग उतरवायला काय करावं? दुर्दैवाने, काहीच करता येत नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त अल्कोहोल यकृतातूनच जातं. लघवी, घाम आणि श्वास मिळून जे थोडंफार बाहेर पडतं त्याने घड्याळ हलत नाही, म्हणून तांब्याभर पाणी पिऊन किंवा पळून घाम काढून उपयोग नाही. सकाळी उलटी झाली तर पोट हलकं होतं, पण तोवर अल्कोहोल पोट सोडून केव्हाच रक्तात गेलेलं असतं. तर्री पोहे, सावजीचा रस्सा, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, यांनी बरं वाटतं आणि त्यात वाईट काही नाही. पण बरं वाटल्यानेच माणूस चावी उचलतो. कडक कॉफी तर यात सगळ्यात फसवी. ती झोप पळवते, अल्कोहोल पळवत नाही, त्यामुळे जागा पण झिंगलेला चालक तयार होतो. आणि "उतारा" म्हणून सकाळी घेतलेला एक स्मॉल म्हणजे शेपटाला जोडलेला आणखी दीड तास. डोकेदुखी त्याने थोडा वेळ दबते, हिशेब वाढतो.

झोपेचंही तसंच. झोपेत यकृत काही जोरात चालत नाही. झोप उपयोगी पडते ती फक्त मधला वेळ निघून जातो म्हणून, आणि मामांना मिळाले चारच तास.

नक्की कळायला हवं असेल तर श्वास मोजणारं यंत्र हाच घरच्या घरी मिळणारा उपाय आहे. पण ते कसं वापरायचं हे माहीत नसेल तर ते फसवतं. बाजारात दोन प्रकारची यंत्रं मिळतात. स्वस्तातली सेमीकंडक्टरवाली अल्कोहोलबरोबर इतर वासांनाही दाद देतात आणि काही महिन्यांत त्यांचा काटा सरकतो. फ्युएल सेलवाली महाग असतात, पण विश्वासाची. तीही ठरावीक काळाने कॅलिब्रेट करून घ्यावी लागतात. चाचणीआधी वीस मिनिटं काही खाऊ-पिऊ नये, सिगारेट ओढू नये, माउथवॉश वापरू नये. माउथवॉशमध्ये अल्कोहोल असू शकतं, आणि तोंडात राहिलेल्या थेंबाने आकडा उगाच उडतो. मग खोल श्वास घेऊन, बीप संपेपर्यंत एका दमात फुंकायचं. अर्धवट फुंकलं तर फुफ्फुसाच्या तळातली हवा यंत्रापर्यंत पोचतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. "मी फुंकलं, कमीच आलं" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं तरी गुपित एवढंच असतं.

पडद्यावर काय लिहून येतं तेही बघावं. काही यंत्रं थेट 30 दाखवतात, काही तेच 0.030 असं टक्क्यांत दाखवतात, आणि काही मिलिग्रॅम प्रति लिटर श्वास असं मोजतात. त्या शेवटच्या मापात आपली मर्यादा 0.14 च्या आसपास येते. म्हणजे तिथे 0.20 बघून "मर्यादा तीस, मला तर शून्य पूर्णांक वीस" असं समजणारा माणूस प्रत्यक्षात ४० च्या वर असतो. एकदा मोजून थांबू नये, तासाभराने पुन्हा मोजावं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या स्वतःच्या यकृताचा वेग, आणि तो कळला की उरलेले तास नेमके काढता येतात. निघायचं ते शून्य आल्यावर. २५ आलं म्हणजे कायदा मोडत नाही हे खरं, पण २५ वर नजर आणि हात पूर्ण ताळ्यावर असतात असं शरीरशास्त्र म्हणत नाही, आणि घरच्या यंत्राची चूक पाच-दहा आकड्यांची सहज असते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कलम १८५ तुम्ही केव्हा प्यायलात हे विचारत नाही, गाडी चालवताना रक्तात किती आहे एवढंच विचारतं. सकाळी सातला ५० असले काय आणि रात्री अकराला ५० असले काय, गुन्हा तोच, आणि स्कूटरलाही तोच. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजारांपर्यंत. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दारूच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो, हे पुष्कळांना दावा करायला गेल्यावर कळतं.

समजा मामांनी ऐकलं, थांबले, आणि दुपारी यंत्राने शून्य दाखवलं. आता निघावं का? इथे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा अल्कोहोलच्या आकड्याशी संबंध नाही. दारूच्या झोपेचा पहिला भाग जड असतो आणि दुसरा तुकड्या-तुकड्यांचा. जाग येत राहते, स्वप्नांची झोप कमी पडते, शरीर कोरडं पडलेलं असतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी रात्री भरपूर प्यायलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी, रक्तातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतर, सिम्युलेटरवर हायवेची गाडी चालवायला लावली. गाडी लेनमध्ये जास्त डुलत होती आणि लक्ष अधूनमधून सुटत होतं. अल्कोहोल गेलं होतं, त्याने केलेली पडझड गेली नव्हती.

गावात रहाटे कॉलनी चौकात सिग्नल, रिक्षा, वळणं तुम्हाला जागं ठेवतात. समृद्धीवर तसं काही नाही. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून निघालात की सरळ, एकसुरी रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि त्या वेगाने एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर कोणीच गाडी चालवत नव्हतं. म्हणून शून्य आल्यानंतरही स्वतःला दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत. शेवटची सलग झोप किती तास झाली? डोकं ठणकतंय का, मळमळतंय का, प्रकाश डोळ्याला बोचतोय का? काल रात्रीचा शेवटचा तास नीट आठवतो का? झोप पाच तासांहून कमी असेल किंवा डोकं अजून ठणकत असेल तर हायवे दुसऱ्या दिवसावर टाकावा. इथे मात्र शरीराचं ऐकायचं. "ठीक आहे" असं ते म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नये, पण "बरं नाही" म्हणालं तर जरूर ठेवावा.

दोन माणसांबद्दल वेगळं सांगायला हवं. एक, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. अल्कोहोल तोडण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडायचं काम मागे टाकतं, त्यामुळे रात्री नीट न जेवता प्यायलेल्या माणसाची साखर सकाळी खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणं हँगओव्हरसारखीच दिसतात, म्हणून आधी ग्लुकोमीटर लावावा. दुसरे, रोज भरपूर पिणारे. त्यांचं यकृत भराभर काम करतं, म्हणून ते सकाळी लवकर शून्यावर येतील, पण तेव्हाच त्यांचे हात कापायला लागतात. अशा माणसाला शेवटच्या घोटानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत फिटचा झटकाही येऊ शकतो. सकाळी उताऱ्याशिवाय हात स्थिर होत नसेल तर गाडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठायला हवा, आणि दारू एका झटक्यात स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण झटका त्यातूनच येतो.

राहिले मामा. पुढच्या महिन्यात धाकट्या भाच्याचं लग्न आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सहाला निघायचं आहे. त्यांनी हिशेब उलटीकडून करावा. सहा वाजता स्टिअरिंग हवं, झोप निदान सात तास हवी, म्हणजे शेवटचा घोट रात्री दहाला. दहा ते सहा आठ तास. यकृत सावकाश चालणारं धरलं तर एका स्मॉलला दोन तास, म्हणजे आठ तासांत चार स्मॉल, अर्थात दोन लार्ज किंवा स्ट्राँग बिअरची एक बाटली, यापैकी एकच, आणि मापाने ओतलेलं. मामी बरोबर घेणार असतील आणि गाडी त्यांच्याकडे असेल तर त्यांच्यासाठी हा आकडा तीन स्मॉलच्या खालीच ठेवावा. दहानंतर कोणी आग्रहाने तिसरा लार्ज भरलाच, तर सकाळची वेळ सहावरून किमान दहावर न्यायची, किंवा अमरावतीची एसटी कितीला सुटते हे झोपण्याआधी बघून ठेवायचं.